कॅलेंडरच्या फोटोवरून रजेचे दिवस मोजताना

छोट्या वर्कशॉपमध्ये, दुकानात किंवा सोसायटीच्या कार्यालयात वेगळं मस्टर नसतं, भिंतीवरचं कॅलेंडर असतं. मालक त्यावर पेनने खुणा करतो आणि पगाराच्या वेळी त्याचा फोटो हिशेब करणाऱ्याला पाठवतो. सोबत एक ओळ येते: "तो २३ला गावाला गेला, ९ला आला. किती रजा झाली?" उत्तर एका आकड्याचं आहे, पण त्या आकड्यापर्यंत जाताना तीन-चार ठिकाणी हमखास घसरायला होतं. हे काम पहिल्यांदाच करणाऱ्यासाठी एक खरा कालावधी घेऊन ते पायरीपायरीने पाहू: २०२५चे गणपती, म्हणजे ऑगस्टचा शेवट आणि सप्टेंबरची सुरुवात. आपलं वर्कशॉप मुंबईत कुर्ल्याला आहे, साप्ताहिक सुट्टी रविवारची आणि शनिवारी पूर्ण दिवस काम, असं धरू. कामगार कोकणात गेला होता.

आधी दोन शब्द वेगळे ठेवा. वर्कशॉपच बंद असतं ती सुट्टी. वर्कशॉप चालू असताना माणूस आला नाही, तो खाडा. रजेच्या खात्यातून वजा होतात ते खाडे. रविवार आणि ठरलेल्या सुट्ट्या कोणाच्याच रजेतून जात नाहीत, म्हणून त्या वगळायच्या. बोलताना मालक दोन्हींना "सुट्टी"च म्हणतो आणि निम्मा गोंधळ तिथेच सुरू होतो.

पायरी १: फोटो मोजण्याजोगा आहे का?

फोटो उघडल्याबरोबर मोजायला बसू नका. आधी पानाचे चारही कोपरे दिसतात का आणि वर महिना व वर्ष दोन्ही वाचता येतात का, ते पाहा. वरचा भाग कापला गेला असेल तर कोणत्या वर्षाचं पान आहे हे कळायला मार्ग राहत नाही. जुनं कॅलेंडर भिंतीवरून न उतरवलेली घरं आणि वर्कशॉपं भरपूर आहेत.

फोटोत सर्वांत जास्त त्रास चकाकीचा होतो. कॅलेंडरचा कागद गुळगुळीत असेल तर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा नेमका दोन-तीन चौकटींवर पडतो आणि त्या चौकटीतली पेनची खूण नाहीशी होते. खूण दिसली नाही म्हणजे खूण केलीच नव्हती, असं धरलं की सुट्टीचा दिवस खाड्यात जातो. फोटो घेणाऱ्याला एवढंच सांगा: फ्लॅश बंद ठेवा, कॅलेंडर खिळ्यावरून काढून दिवसाच्या उजेडात टेबलावर सपाट ठेवा आणि बरोबर वरून फोटो घ्या. भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरचं पान खालून वळतं, त्यामुळे तळाच्या चौकटी दबलेल्या दिसतात.

पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत लाल आणि काळा यांतला फरक पुसट होतो. आपल्याला लाल आकडे ओळखायचे असतात, म्हणून असा फोटो परत मागवलेलाच बरा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो दाबला जातो आणि बारीक अक्षरं विरघळतात. तो एचडीमध्ये किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

रजा दोन महिन्यांत पसरली असेल तर दोन पानांचे दोन फोटो लागतात. दोन्ही एकाच वर्षाचे आहेत ना, हे ताडायची युक्ती सोपी आहे. ३१ दिवसांचा महिना म्हणजे चार आठवडे आणि वर तीन दिवस. म्हणून पुढच्या महिन्याची १ तारीख तीन वार पुढे सरकते. २०२५च्या ऑगस्टची १ तारीख शुक्रवारी होती, म्हणून सप्टेंबरची १ तारीख सोमवारी यायला हवी. फोटोतही ती सोमवारीच असेल तर पानं एकमेकांची आहेत. महिना ३० दिवसांचा असेल तर दोन वार पुढे मोजा.

पायरी २: वार कुठे लिहिलेत?

नवखा माणूस इथे सर्वांत जास्त फसतो. मोबाइलवरच्या कॅलेंडरात वार वर आडवे असतात आणि तारखा डावीकडून उजवीकडे वाचायच्या असतात. मराठी घरांत टांगलेल्या पंचांगाच्या कॅलेंडरांत मात्र वार बहुधा डाव्या कडेला वरून खाली लिहिलेले असतात: रवि, सोम, मंगळ. तारखा वरून खाली उतरतात आणि आठवडा संपला की पुढच्या उभ्या रांगेत चढतात. म्हणजे रविवार ही उभी रांग नसून सर्वांत वरची आडवी ओळ आहे. मोबाइलच्या सवयीने एक उभी रांग रविवार म्हणून खोडली, तर एक अख्खा आठवडाच खोडला जातो.

आता ऑगस्ट २०२५चं पान डोळ्यांसमोर आणा. १ तारीख शुक्रवारी. पहिल्या उभ्या रांगेत वरच्या पाच चौकटी रिकाम्या आणि खाली शुक्र-शनिवारी १ आणि २. मग ३ ते ९, १० ते १६, १७ ते २३, २४ ते ३०. पाच रांगा भरल्या आणि ३१ तारीख उरली. तिच्यासाठी सहावी रांग छापली तर चौकटी अरुंद होतात. म्हणून अशी उरलेली तारीख पुष्कळ कॅलेंडरांत पहिल्या रांगेतल्या रिकाम्या चौकटीत छापतात. ३१ ऑगस्टला रविवार होता, म्हणून ती सर्वांत वर डाव्या कोपऱ्यात, १ तारखेच्याही आधी बसते. रविवारची ओळ मग अशी दिसते: ३१, ३, १०, १७, २४.

फोटोत नजर २४ ते ३० या शेवटच्या रांगेवर असते. तिथून ती सरळ सप्टेंबरच्या पानावर उडी मारते आणि ३१चा रविवार मागे राहतो. काही कॅलेंडरांत तो २४च्याच चौकटीत तिरपी रेघ मारून २४/३१ असा छापलेला असतो. तसा असला तरी निसटतोच. म्हणून महिना ओलांडणारी रजा मोजताना पहिलं काम म्हणजे महिन्याची शेवटची तारीख कुठे छापली आहे ते बोटाने शोधणं.

चौकटीतला मोठा आकडाच आपला. बाजूला बारीक आकडे असतात, त्यांत भारतीय सौर दिनांक असतो आणि तिथी संपण्याची वेळ असते. २५ ऑगस्टच्या चौकटीत सौर भाद्रपदाचा ३ हा आकडा असू शकतो. फोटो झूम केल्यावर फक्त कोपरा पडद्यावर आला, तर तोच आकडा तारीख वाटतो. म्हणून झूम करताना ओळीतला वार आणि आजूबाजूच्या दोन तारखा पडद्यावर राहू द्या.

पायरी ३: खुणांचा अर्थ मालकाकडून घ्या

छापील लाल रंग आणि पेनची खूण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छापील लाल आकडा रविवार किंवा सार्वजनिक सुट्टी सांगतो. त्या दिवशी हे वर्कशॉप बंद होतं का, ते तो सांगत नाही. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात (२०२५च्या गणपतीच्या वेळी दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी) वर्षाला ८ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या, आणि उरलेल्या चार मालक व कामगार मिळून ठरवतात. कॅलेंडरातले लाल आकडे याहून कितीतरी जास्त असतात. सगळे लाल वगळले तर रजा कमी भरते आणि मालकाला भुर्दंड पडतो.

उलट बाजूही आहे. ठळक अक्षरांत सण छापला म्हणजे सुट्टी असं नाही. ६ सप्टेंबर २०२५ला अनंत चतुर्दशी होती आणि मुंबईत विसर्जनाच्या मिरवणुका होत्या. तरी आपल्या वर्कशॉपच्या यादीत ती नाही, त्यामुळे तो कामाचा दिवस. २६ ऑगस्टच्या हरतालिकेचंही तेच.

शिवाय कॅलेंडर घरातल्या सगळ्यांचं असतं. गॅस सिलिंडर बदलल्याची तारीख, दुधाचे खाडे, हप्त्याची आठवण, सगळं त्यावरच. गोल म्हणजे सुट्टी की हप्ता, फुली म्हणजे बंद की गैरहजर, हे फोटोवरून ओळखायला जाऊ नका, विचारा. आपल्या फोटोत गोल म्हणजे वर्कशॉप बंद, एवढं ठरलेलं आहे.

मार्करने खूण केली असेल तर आणखी एक गंमत होते. शाई खालच्या पानावर उतरते आणि तिथे पुसट गोल उमटतो. १५ ऑगस्टचा गोल तिसऱ्या रांगेत शुक्रवारी आहे. सप्टेंबरच्या पानावर त्याच जागी १९ तारीख येते. १९ सप्टेंबरवर फिका, कडा फुटलेला गोल दिसला तर मागच्या महिन्याच्या पानावरची तीच जागा तपासा. तिथे ठळक गोल असेल तर हा फक्त डाग आहे.

पायरी ४: सरकलेली सुट्टी

या कामगाराच्या रजेच्या दिवसांत तीन गोल आहेत: २७ ऑगस्ट, ५ सप्टेंबर आणि ८ सप्टेंबर. त्यांपैकी ५ तारखेच्या गोलावर आडवी रेघ आहे. ती चुकून मारलेली नाही. ईद-ए-मिलादची सुट्टी छापील कॅलेंडरांत ५ सप्टेंबर, शुक्रवारी होती. दुसऱ्याच दिवशी अनंत चतुर्दशी आली, म्हणून राज्य सरकारने मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांपुरती ती ८ सप्टेंबर, सोमवारी नेली. बाकी महाराष्ट्रात ती ५लाच राहिली. कॅलेंडर मागच्या वर्षीच छापून झालेलं असतं, त्यात हा बदल येणार नाही. वर्कशॉप कुर्ल्याचं असल्याने मालकाने ५चा गोल खोडून ८ला नवा केला. हाच फोटो पुण्यातल्या वर्कशॉपचा असता तर गोल ५लाच राहिला असता.

म्हणून खोडलेला गोल दिसला की दोन प्रश्न विचारा: त्या दिवशी वर्कशॉप चालू होतं का, आणि बदली सुट्टी कोणत्या दिवशी दिली? दोन्ही गोल धरले तर एक दिवस उगाच वगळला जातो.

इथे एक फसवी गोष्ट आहे. ८ऐवजी चुकून ५ तारीख सुट्टी धरली तरी या कामगाराच्या रजेची बेरीज बदलत नाही, कारण दोन्ही दिवस त्याच्या रजेत येतात. चूक लपून राहते आणि दुसऱ्याच्या हिशेबात बाहेर येते. समजा दुसरा कामगार ३ ते ६ सप्टेंबर आला नाही. त्याचे खाडे ४: बुध, गुरू, शुक्र, शनि. ५ला सुट्टी धरली तर ३ येतील. त्यामुळे बेरीज जुळली तरी कोणती तारीख वगळली, हे लिहून ठेवा.

पायरी ५: टोकाच्या तारखा

"२३ला गेला, ९ला आला" या वाक्यात दोन्ही तारखांचा अर्थ संदिग्ध आहे. २३ला सकाळीच निघाला की दिवसभर काम करून रात्रीच्या गाडीने? ९ला रात्री मुंबईत पोचला की सकाळी कामावर उभा होता? प्रश्न असा विचारा: शेवटचा हजर दिवस कोणता आणि पुन्हा हजर झाला तो पहिला दिवस कोणता? आपल्या बाबतीत उत्तर आलं: शनिवार २३ ऑगस्टला पूर्ण दिवस काम केलं आणि मंगळवार ९ सप्टेंबरला सकाळी हजर.

हे दोन्ही दिवस मोजायचे नाहीत. मोजणी सुरू होते २४ ऑगस्टपासून आणि संपते ८ सप्टेंबरला. २४ला रविवार, तो तसाही जाणारच, म्हणून २५पासून सुरू केलं तरी चालतं. २३ला दुपारी निघाला असता तर अर्धा दिवस वेगळा लिहायचा, मोजणीत मिसळायचा नाही.

पायरी ६: मोजा

घाईत असलेला माणूस वजाबाकी करतो. ती चालेल, पण दोन्ही टोकं धरायची असल्याने १ मिळवावा लागतो. ऑगस्टमध्ये ३१ वजा २५ म्हणजे ६, अधिक १, झाले ७. सप्टेंबरमध्ये १ ते ८, म्हणजे ८. एकूण १५ दिवस. त्यातून रविवार दोन गेले, ३१ ऑगस्ट आणि ७ सप्टेंबर. सुट्ट्या दोन गेल्या, २७ ऑगस्टची गणेश चतुर्थी आणि ८ सप्टेंबरची ईद. उरले ११.

कोपऱ्यातला ३१चा रविवार इथे हिशेब बिघडवतो. १५ हा आकडा तुम्ही गणिताने काढला, त्यात ३१ आपोआप आली. रविवार मात्र डोळ्यांनी मोजले आणि फक्त ७ सप्टेंबर दिसला, तर १५ वजा १ वजा २, म्हणजे १२ येतात. कामगाराचा एक दिवस विनाकारण कापला जातो. गणपतीहून परतलेला माणूस स्वतःचे दिवस बोटांवर मोजून आलेला असतो, त्यामुळे भांडण ठरलेलं.

म्हणून नवख्याने वजाबाकीपेक्षा तारखाच लिहाव्यात. कागदावर २५, २६, २७ असं ओळीने लिहा. रविवारवर र, सुट्टीवर सु लिहून खोडा आणि उरलेले मोजा:

ऑगस्ट: २५, २६, २७ सु, २८, २९, ३०, ३१ र. खाडे ५.
सप्टेंबर: १, २, ३, ४, ५, ६, ७ र, ८ सु. खाडे ६.

महिन्यागणिक वेगळे लिहिण्याचा फायदा पगाराच्या वेळी दिसतो. ५ खाडे ऑगस्टच्या पगारात जातात आणि ६ सप्टेंबरच्या. एकदम ११ लिहिले की शिल्लक रजा संपल्यावर बिनपगारी दिवस कोणत्या महिन्यात टाकायचे, हा वाद उभा राहतो.

सुट्टी रविवारीच आली असेल तर ती दोनदा वजा होत नाही ना, तेही बघा. तारखांवर खुणा करणाऱ्याकडून ही चूक होत नाही, कारण एक तारीख एकदाच खोडता येते. वजाबाकी करणाऱ्याकडून होते. २०२५चा गुढीपाडवा ३० मार्चला, रविवारी होता. त्या महिन्यात पाडव्याचा वेगळा दिवस वजा केला तर रजा एकाने कमी येते.

पायरी ७: पडताळा

पडताळा दुसऱ्या वाटेने करा, तीच मोजणी पुन्हा नको. १५ दिवस म्हणजे दोन पूर्ण आठवडे आणि एक दिवस. प्रत्येक पूर्ण आठवड्यात रविवार वगळून ६ दिवस, म्हणजे १२. उरलेला एक दिवस ८ सप्टेंबर, सोमवार, म्हणून १३. त्यातून आठवड्याच्या कामाच्या दिवशी आलेल्या दोन सुट्ट्या काढल्या की ११. जुळलं.

एक्सेल वापरत असाल तर D1 आणि D2 मध्ये दोन सुट्ट्यांच्या तारखा टाका आणि हे सूत्र लिहा:

```
=NETWORKDAYS.INTL(DATE(2025,8,25),DATE(2025,9,8),11,D1:D2)
```

यातला 11 हा आकडा फक्त रविवार साप्ताहिक सुट्टी असल्याचं सांगतो. साधं `NETWORKDAYS` वापरलं तर ते शनिवारही वगळतं आणि ३० ऑगस्ट व ६ सप्टेंबर गळून उत्तर ९ येतं. हे सूत्र सुरुवातीची आणि शेवटची तारीख दोन्ही धरतं, म्हणून त्यात २३ आणि ९ टाकू नका.

नियम वेगळा असेल तर

काही ठिकाणी रजेच्या मध्ये आलेले रविवार आणि सुट्ट्याही रजेतच धरतात. सरकारी कर्मचाऱ्यांच्या अर्जित रजेत तसंच आहे: रजेच्या आधी किंवा शेवटी जोडून आलेल्या सुट्ट्या सोडता येतात, मधल्या मोजल्या जातात. नैमित्तिक रजेत मात्र मधल्या सुट्ट्या धरत नाहीत. हाच कालावधी अर्जित रजेच्या नियमाने मोजला तर शेवटचा ७चा रविवार आणि ८ची ईद सुटतात, पण २७ आणि ३१ आत येतात. २५ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर, म्हणजे १३ दिवस. फोटो तोच, खुणा त्याच, उत्तर दोनाने जास्त. म्हणून कोणता नियम लावायचा ते मोजण्याआधी विचारून घ्या.

मालकाला उत्तर पाठवताना नुसता आकडा पाठवू नका. असं लिहा: "खाडे ११. ऑगस्ट: २५, २६, २८, २९, ३०. सप्टेंबर: १ ते ६. वगळले: ३१ आणि ७ रविवार, २७ गणेश चतुर्थी, ८ ईद. ५ला वर्कशॉप चालू होतं असं धरलं आहे." चूक असेल तर तो नेमक्या त्या तारखेवर बोट ठेवेल.